मनुष्यबळ व्यवस्थापन: भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन एका पानावर कसं बसवायचं?

कळंबची_कॉमर्सवाली
नमस्कार मंडळी. बी.कॉम. शेवटच्या वर्षाला आहे. मनुष्यबळ व्यवस्थापनाचं एक प्रकरण आहे, त्यात भरती, निवड, प्रशिक्षण आणि कार्यमूल्यमापन हे सगळं एकत्र कोंबलंय. नोट्स काढायला बसले तर वहीची तीसेक पानं भरली आणि तरी वाचताना काही लक्षात राहत नाही. मैत्रीण म्हणते एका पानावर चार्ट काढ आणि त्याच्या बाजूला येणारे प्रश्न लिही. मी चार्ट काढला, पण तो म्हणजे वरून खाली दहा चौकोन आणि नऊ बाण. बघितलं की झोप येते. कोणी असा चार्ट काढलाय का ज्यातून उत्तर लिहिता येईल? मराठी माध्यम आहे. दुपारी सेवा केंद्रावर बसते, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला तर रागावू नका.

मेळघाट_एक्स्प्रेस
ताई, तलाठी भरतीची जाहिरात कधी येणार ते कोणाले माहीत हाय का? मायी तयारी चालू हाय. मूल्यमापन म्हंजे कागदपत्र पडताळणी का?

पुसदचा_पोट्ट्या
भाऊ, ते पुस्तकातल्या भरतीचं विचारून राहिली, तलाठ्याचं नाई. 😄

तासिका_सर
कळंब, तुमचा चार्ट वाचून झोप येते कारण तो सरळ रेषेत आहे. ही प्रक्रिया सरळ रेषेत चालत नाही. परीक्षेतले बरेचसे प्रश्नही चौकोनांवर नसतात, चौकोनांमधल्या बाणांवर असतात. मी तासिका तत्त्वावर हा विषय शिकवतो, पेपरही तपासतो, म्हणून हे सांगतो.

सगळ्यात वर मनुष्यबळ नियोजन आणि त्याखाली कार्यविश्लेषण, म्हणजे जॉब अॅनालिसिस, ठेवा. त्यातून दोन कागद निघतात. एका कागदावर काम काय आहे ते लिहिलेलं असतं. हे कार्यवर्णन. दुसऱ्यावर ते काम करायला माणूस कसा लागतो ते. हे कार्यविनिर्देश. इथून दोन वाटा फुटतात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात, हेच पोरांच्या चार्टमध्ये नसतं. माणूस निवडताना दुसरा कागद हातात असतो. वर्षअखेरीस त्याचं मूल्यमापन करताना पहिला कागद हातात असायला हवा, कारण काम काय ठरलं होतं ते त्यावरच आहे.

```
मनुष्यबळ नियोजन → कार्यविश्लेषण
कार्यविश्लेषण → कार्यवर्णन
कार्यविश्लेषण → कार्यविनिर्देश
कार्यविनिर्देश → भरती → निवड → नेमणूक → परिचय → प्रशिक्षण
कार्यवर्णन → मूल्यमापनाचे निकष → मूल्यमापन
प्रशिक्षण → प्रत्यक्ष काम → मूल्यमापन
मूल्यमापन → प्रशिक्षणाची गरज
मूल्यमापन → पगारवाढ, बढती, बदली
मूल्यमापन → पुढच्या निवडीत दुरुस्ती
```

शेवटच्या तीन ओळी उलट्या वर जाणाऱ्या बाणांच्या आहेत. त्या लाल पेनाने काढा. आता प्रश्न बघा. "फरक स्पष्ट करा" आला की तो शेजारच्या दोन चौकोनांचा असतो: भरती आणि निवड, कार्यवर्णन आणि कार्यविनिर्देश, प्रशिक्षण आणि विकास. "टप्पे सांगा" आला की एका चौकोनाच्या आत शिरायचं. "टीप लिहा" म्हणजे एखाद्या चौकोनाच्या बाजूला लटकलेली पद्धत. आणि उदाहरण देऊन विचारलेला प्रश्न असेल तर त्यात कुठला तरी बाण तुटलेला असतो. तो कुठला हे ओळखलं की अर्धं उत्तर झालं.

जिनवाला_भाऊ
सर, एक सांगतो, मी अठरा सिझन जिनिंगमध्ये काढले. भरती आणि निवड हे दोन वेगळे चौकोन कायले? आमच्या इकडे मुकादमाले फोन केला, चाळीस माणसं पाठव म्हटलं, तो ट्रॅक्टरमध्ये बसवून घेऊन येते. आले ते कामाले लागले. भरती म्हणजेच निवड. आणि मूल्यमापन म्हणजे शिमग्याच्या आधी मालक ज्याले बक्षिशी देते ते.

तासिका_सर
भाऊ, हमालीच्या कामाला तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिथे निवड मुकादमाने त्याच्या गावातच केलेली असते. तुमच्या आधी ती उरकलेली असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. पण तुमच्या जिनात ग्रेडर कसा ठेवता? गाडी आली की कापूस बघणारा, ओलावा मोजणारा, कवडी किती, पत्ती किती हे सांगणारा. तोही मुकादमच आणते का?

जिनवाला_भाऊ
नाई बाप्पा. ग्रेडर चुकला तर मालक बसते डोक्याले हात लावून. त्याले दोन दिवस मंडीत उभा करून पाहतो. गाडीवरचा कापूस हातात देतो, सांग म्हणतो धागा किती, ओल किती.

तासिका_सर
म्हणजे निवड केलीच की. भरतीत आपण जास्तीत जास्त लोकांना या म्हणतो, निवडीत एकेकाला नको म्हणत जातो. म्हणून पहिलीला सकारात्मक आणि दुसरीला नकारात्मक प्रक्रिया म्हणतात. हे एक वाक्य फरकाच्या प्रश्नात सगळ्यात आधी लिहा. पोरं तक्त्याच्या आठ ओळी लिहितात आणि हे वाक्यच गाळतात.

जिनवाला भाऊ, तुमच्या ग्रेडरवर आपण पूर्ण चार्ट फिरवून बघू. कळंबला उदाहरण मिळेल. उत्तरात कारखान्याचं नाव लिहू नका, "एका जिनिंग कारखान्याला" एवढं पुरे.

समजा चार ग्रेडर हवेत. मागच्या सिझनला 60 अर्ज आले होते. छाननीत 30 उरले, बोलावल्यावर 20 आले, प्रत्यक्ष चाचणीत 10 पास झाले, 8 जणांना या म्हणून सांगितलं आणि रुजू झाले 6. म्हणजे दहा अर्जांमागे एक माणूस हाती लागतो. यंदा चार हवेत तर निदान 40 अर्ज येतील एवढी भरती करायला हवी. किती अर्ज मागवायचे याचा अंदाज असा मागून पुढे काढतात. कुठल्या पायरीला जास्त गळती होते तेही यातच दिसतं. तुमच्याकडे 30 बोलावले आणि 20च आले, तर दोष चाचणीचा नाही. मंडीपासून लांब, सकाळी आठला बोलावलं असेल, हे आधी तपासा.

सीआरवाल्या_ताई
सर, एक शंका. चाळीस अर्ज आणायचे कुठून? पुस्तकात अंतर्गत स्रोत आणि बाह्य स्रोत असे दोन भाग दिलेत. आमच्या जिल्हा परिषदेत शिपायाचा कनिष्ठ लिपिक व्हायचा तो अंतर्गत. पण जिनातल्या जुन्या ग्रेडरने आपला भाचा आणला तर तो अंतर्गत की बाह्य?

तासिका_सर
बाह्य. माहिती आतल्या माणसाने दिली, पण भाचा अजून पगारपत्रकावर नव्हता. स्रोत ठरवताना येणारा माणूस कुठून आला ते बघायचं, निरोप कोणी दिला ते नाही.

सीआरवाल्या_ताई
मला पटत नाही सर. आमच्या जुन्या पुस्तकात कर्मचाऱ्यांच्या शिफारशी अंतर्गत स्रोतात घातल्या होत्या. मुलीने काय लिहायचं?

तासिका_सर
दोन्ही प्रकारची पुस्तकं बाजारात आहेत, ताई. कळंबने तिच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाप्रमाणे लिहावं आणि एका ओळीत कारण द्यावं. कारण असेल तर मी तरी मार्क कापत नाही. बाकीचे परीक्षक काय करतात त्याची हमी माझ्याकडे नाही.

कळंबची_कॉमर्सवाली
सर, हे कळलं. पण प्रशिक्षणाच्या चौकोनात काय लिहू? पुस्तकात कामावरील आणि कामाबाहेरील असे दोन गट करून पंधराएक पद्धती दिल्या आहेत. सगळ्या पाठ करायच्या?

तासिका_सर
प्रत्येक गटातल्या दोन-तीन पक्क्या करा, बाकीच्यांची फक्त नावं. कामावरच्यात कामाची अदलाबदल, वरिष्ठाच्या हाताखाली शिकणं आणि शिकाऊ उमेदवारी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961चा आहे, एवढं लिहिलं तरी उत्तराला वजन येतं. कामाबाहेरच्यात प्रसंग अभ्यास आणि भूमिका वठवणं. मधली एक पद्धत पोरांना कायम गोंधळात टाकते: व्हेस्टिब्यूल. तीत यंत्र तेच असतं पण जागा वेगळी, आणि खरं उत्पादन थांबत नाही. जिनात नवीन पोराला चालू डबल रोलरवर हात घालू देता येत नाही. बाजूला बंद ठेवलेल्या यंत्रावर पट्टा लावणं, रोलर बदलणं शिकवलं, तर ते व्हेस्टिब्यूल. बोट जाण्याची भीती जिथे असते तिथे ही पद्धत महाग असली तरी वापरावी लागते, हे मर्यादेच्या ओळीत लिहा.

पद्धतींपेक्षा जास्त मार्क मात्र प्रशिक्षणाची गरज कशी ओळखायची यात असतात आणि तिथेच उत्तरं ढिसाळ येतात. चार्टमधला मूल्यमापनाकडून प्रशिक्षणाकडे जाणारा लाल बाण आठवा. माणसाचं काम कमी पडलं की लगेच प्रशिक्षण लावायचं, असा त्याचा अर्थ नाही. त्याला काम येत नाही, की येतं पण करत नाही, की करूच शकत नाही कारण साधन खराब आहे? प्रशिक्षणाचं औषध फक्त पहिल्या आजारावर चालतं.

जिनवाला_भाऊ
सर, हे तुम्ही आमच्याच जिनाचं सांगून राहिले! एका सिझनला आमच्या एका जिनात ओलाव्याचं लफडं झालं. आमच्या नोंदीत ओल 10 टक्के. पण सरकी, रुई, कचरा सगळं मोजून हिशेब लावला तर वजनात घट जास्त. मालक म्हणे ग्रेडर झोपा काढून राहिले. बाहेरून माणूस बोलावून चौघायचं दोन दिवस प्रशिक्षण केलं, चहा-नाश्ता सगळं. पोट्टे खूश. शेवटी पेपर घेतला, चौघंही पास. अन् पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढीच घट.

तासिका_सर
मग काय निघालं?

जिनवाला_भाऊ
मीटर. एकच मीटर चौघं वापरत होते अन् ते दोन टक्के कमी दाखवून राहिलं होतं. एका जुन्या ग्रेडरने सांगतलं, हातात घेतला की कापूस थंडगार लागते, मीटर म्हणते 10. माया हात म्हणते 12. मंग दुसऱ्या जिनातलं मीटर आणून एकाच ढिगाऱ्यात दोन्ही खुपसले.

हिशेब पहा. 100 क्विंटल कापसात दोन टक्के जास्तीचं पाणी म्हणजे दोन क्विंटल पाणी आपण कापसाच्या भावानं घेतलं. भाव 7000 धरला तर 14000 रुपये, एका दिवसाच्या आवकीतले. अन् हे तर फक्त शंभर क्विंटलाचं.

तासिका_सर
कळंब, हा प्रसंग वहीत उतरवून घ्या. यात परीक्षेतले दोन मोठे प्रश्न लपलेत.

पहिला प्रश्न प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करतात हा. डोनाल्ड किर्कपॅट्रिकने 1959 मध्ये चार पातळ्या मांडल्या, त्या इथे हुबेहूब दिसतात. पोरांना प्रशिक्षण आवडलं, ही प्रतिक्रिया. पेपरात पास झाले, हे शिकणं. मंडीत परत गेल्यावर मीटर नीट खुपसतात का, तीन जागी मोजतात का, हे वागणं. आणि वजनातली घट कमी झाली का, हा परिणाम. जिनवाल्या भाऊंच्या मालकाने पहिल्या दोन पातळ्या बघून पैसे वसूल झाले असं मानलं. पहिल्या दोन चांगल्या आणि चौथी जागची हलली नाही, तर खोट शिकवण्यात शोधण्याआधी कामाच्या जागी शोधायची. बहुतेक पोरं या चार पातळ्यांची नावं लिहून थांबतात. पातळ्यांमध्ये तफावत पडली तर तिचा अर्थ काय, हे कोणी लिहीत नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे माणसाची चूक आणि साधनाची चूक वेगळी कशी करायची. एकाच ढिगाऱ्यावर चौघांना मोजायला लावा. चौघांचे आकडे एकमेकांपासून लांब असतील तर मोजण्याच्या हातात फरक आहे, प्रशिक्षण द्या. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे आणि सगळे मिळून चुकीचे असतील तर मीटर तपासा. एकाच ग्रेडरला तोच ढिगारा सकाळी आणि दुपारी न सांगता दिला आणि तो वेगवेगळं बोलला, तर त्या माणसाच्या मोजण्यात सातत्य नाही. निवड चाचणीची विश्वसनीयता म्हणतात ती हीच. पण तीन वेळा तोच चुकीचा आकडा देणारा ग्रेडरही विश्वसनीय ठरतो. म्हणून चाचणीला सप्रमाणताही लागते: ती जे मोजायला ठेवली, तेच मोजते का? बंद पडलेल्या घड्याळासारखं, वेळ रोज तीच दाखवते. हा फरक दर दोन-तीन वर्षांनी टीप म्हणून येतो.

पुसदचा_पोट्ट्या
सर, मायी गोष्ट इथे बसते का सांगा. मी एका कंपनीच्या गोदामात लागलो. मुलाखत झाली, नियुक्तीपत्र दिलं नाई, तीन दिवस काहीतरी शिकवलं. चौथ्या दिवशी म्हणे तू कामाचा नाई, घरी जा. कोणत्या कामाचा नाई ते कोणी सांगत नाई. ज्याने काढलं त्याने मले काम करताना पाहलंही नव्हतं. याले मूल्यमापन म्हणायचं का?

तासिका_सर
नाही. निकष तुम्हाला आधी सांगितले नव्हते, बघणाऱ्याने काम बघितलं नव्हतं आणि निकाल तुम्हाला समजावून दिला नाही. मूल्यमापनाच्या पायऱ्या पाहिल्या तर निकष ठरवणं, ते कर्मचाऱ्याला कळवणं, प्रत्यक्ष काम मोजणं, निकषाशी तुलना, चर्चा आणि सुधारणा, असा क्रम येतो. तुमच्या बाबतीत एकच पायरी झाली, शेवटची, तीही अर्धी. पैसे आणि पत्राचं काय करायचं ते वेगळं. त्यासाठी कामगार कार्यालयात जाऊन विचारा, इथे मी सांगू शकणार नाही.

सीआरवाल्या_ताई
आमच्याकडे गोपनीय अहवाल असायचा. साहेब वर्षातून एकदा भरायचे. चांगला की वाईट, कळायचंच नाही. वाईट शेरा असेल तेवढा कळवायचे. बढती अडली की मग माणूस विचारत फिरायचा. मग 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात सांगितलं की वाईटच नाही, प्रत्येक शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. तेव्हापासून कागद हातात यायला लागला. मी सांगते, त्याआधीची पंधरा वर्षं मी कशी होते हे मला माझ्याच साहेबाने कधी सांगितलं नाही.

तासिका_सर
ताई, हे तर उत्तरात सोन्यासारखं आहे. "पारंपरिक आणि आधुनिक पद्धती" या प्रश्नात पोरं गोपनीय अहवाल पारंपरिकमध्ये टाकतात आणि पुढे जातात. त्याचा दोष काय, तर कर्मचाऱ्याला माहिती मिळत नाही, म्हणून सुधारणा होत नाही, म्हणजे चार्टमधला लाल बाण तिथेच तुटतो, असं लिहावं.

आधुनिकमध्ये ध्येयाधिष्ठित व्यवस्थापन हमखास येतं. पीटर ड्रकरने 1954 मध्ये मांडलेलं. वरिष्ठ आणि कर्मचारी बसून ध्येय ठरवतात आणि शेवटी त्यावरच मोजतात. ग्रेडरबद्दल बोलायचं तर "घट अमुक टक्क्यांच्या आत ठेवायची" असं दोघांनी सिझनच्या आधी ठरवणं.

जिनवाला_भाऊ
अन् मग ग्रेडर काय करन? घट कमी दाखवायची म्हणून चांगल्या गाड्याही परत पाठवन. शेतकरी शिव्या देऊन दुसऱ्या जिनात जाईन. हे पाहून राहिलो मी.

तासिका_सर
बरोबर पकडलं. आकड्यावर माणूस मोजला की माणूस आकडा सांभाळतो. म्हणून एकाच ध्येयावर मोजू नये, नाकारलेल्या गाड्यांतल्या किती दुसऱ्या जिनाने त्याच दिवशी घेतल्या, हेही बघावं. कळंब, ध्येयाधिष्ठित पद्धतीच्या मर्यादा म्हणून हे तुमच्या शब्दांत लिहा.

कळंबची_कॉमर्सवाली
सर, मूल्यमापनातले दोष म्हणून एक प्रश्न नेहमी येतो. हेलो परिणाम, मध्यममार्गी प्रवृत्ती, उदारता, अलीकडचा प्रभाव. पाठ होतात पण परीक्षेत एकमेकांत मिसळतात.

तासिका_सर
सगळे त्याच चार ग्रेडरांवर बसवा. एक पोरगा रोज वेळेवर येतो, नमस्कार करतो, म्हणून त्याची ग्रेडिंगही चांगली असं साहेब धरून चालतो, तर तो हेलो परिणाम. सगळ्यांना पाचपैकी तीनच दिले, कोणाशी वाद नको म्हणून, तर मध्यममार्ग. सगळ्यांना पाच दिले तर उदारता.

अलीकडच्या प्रभावाला जिनिंगइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागतो, पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र. मार्चमध्ये फरदडीचा येतो, धागा तोकडा, कवडी जास्त. मूल्यमापन एप्रिलमध्ये. साहेबाला आठवतात मार्चमधली भांडणं, मार्चमधल्या परत गेलेल्या गाड्या. ज्या ग्रेडरच्या वाट्याला फरदडीचे दिवस जास्त आले, तो वाईट ठरतो, नोव्हेंबरमध्ये त्याने कितीही चोख काम केलं असलं तरी. उपाय साधा आहे: सिझनभर ठळक प्रसंग तारखेसह वहीत टिपत जायचे, चांगलेही आणि वाईटही. याच पद्धतीला क्रिटिकल इन्सिडेंट म्हणतात, फ्लॅनगनने 1954 साली ती नीट मांडली. म्हणजे एका दोषाचं उत्तर शेजारच्या चौकोनातल्या पद्धतीत मिळतं. दोष आणि उपाय अशी जोडी लावून लिहिलं की मिसळत नाहीत.

मेळघाट_एक्स्प्रेस
सर हे जोडी तुलना का काय ते पण येते का? मी स्पर्धा परीक्षेत वाचलं. मले आता थोडं समजून राहिलं तुमचं.

तासिका_सर
येते. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची. चार ग्रेडर असतील तर जोड्या 6. बारा माणसं असली की 66. हमालीवरच्या चाळीस जणांवर करायला गेलात तर 780. सूत्र n(n-1)/2. म्हणून लहान गटातच चालते, हे लिहून सूत्र आणि एक उदाहरण दिलं की टीप पूर्ण.

सीआरवाल्या_ताई
सर, तुमच्या चार्टमध्ये नेमणूक आधी आणि परिचय नंतर आहे. आमच्याकडे आधी पायाभूत प्रशिक्षण असायचं, मग टेबल मिळायचं. कुठलं बरोबर?

तासिका_सर
ज्याला टेबल आधीच ठरलेलं आहे त्याची नेमणूक आधी होते, मग परिचय. जिनातल्या ग्रेडरचं तसंच. पण बँकेसारख्या ठिकाणी, किंवा तुमच्या कार्यालयात, बॅच एकत्र घेतात, परिचय उरकतात आणि मग कोण कुठे हे ठरवतात. पुस्तकं दोन्ही क्रमांनी लिहितात.

पुसदचा_पोट्ट्या
मंग पेपरात कोणता?

जिनवाला_भाऊ
सर, तुम्ही पेपर तपासता म्हणता, तर सांगा ना एक क्रम पक्का. पोरीनं तरी काय करावं?

तासिका_सर
माझ्या हाती आलेल्या पेपरला दोन्हींना मार्क देतो. विद्यापीठाच्या नमुना उत्तरात कुठला असेल ते त्या वर्षीचा पेपर काढणाऱ्यावर आहे. कळंब, तुमच्या नेमलेल्या पुस्तकाचा क्रम घ्या.

कळंबची_कॉमर्सवाली
मी पुस्तक उघडलं. त्यात भरतीच्या धड्यात आधी परिचय आहे आणि पुढे प्रशिक्षणाच्या धड्यात आधी नेमणूक. 😐 आता दोन्ही चौकोन शेजारी-शेजारी ठेवले आणि मधे दुहेरी बाण काढला.

चार्ट झालाय. वर कार्यविश्लेषण, दोन बाजूंना दोन कागद, खाली मूल्यमापन, तीन लाल बाण वर जातात. प्रत्येक बाणावर एकेक प्रश्न लिहिलाय. मूल्यमापनातून निवडीकडे जाणाऱ्या बाणावर मात्र प्रश्न सुचत नाहीये. त्यावर काय विचारू शकतात?

तासिका_सर
"निवड प्रक्रियेची परिणामकारकता कशी तपासाल?" असा. निवडीच्या वेळी चाचणीत ज्यांना जास्त गुण होते, त्यांचंच काम सिझनअखेरीस चांगलं निघालं का, एवढं दोन यादी शेजारी ठेवून बघायचं. चाचणीत पहिला आलेला कामात शेवटचा निघाला आणि असं बऱ्याच जणांचं झालं, तर चाचणी बदला. एक अडचण मात्र लिहा: ज्यांना नापास करून परत पाठवलं, ते कामाला चांगले निघाले असते का, हे या याद्यांतून कधीच कळत नाही.

जिनवाला_भाऊ
कळते ना सर. ते शेजारच्या जिनात ग्रेडर असते.